बारा सव्वीसचं बिल

माझ्या फायलीत औषधाच्या दुकानाचं एक बिल आहे. दोन आयव्ही सेट, तीन सिरिंज, पॅन्टोप्राझोलचं एक इंजेक्शन. छापील वेळ रात्रीचे १२.२६. ते मिळालं नसतं तर एका बाईवर आयुष्यभराचा ठपका बसला असता आणि आमच्या रुग्णालयाने तो अगदी शांत मनाने बसवला असता.

कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात मी फिजिशियन आहे, आणि अनुचित घटनांची चौकशी करणाऱ्या समितीवरही काम करतो. पुढची घटना ओळख पटू नये इतकी बदलून सांगतोय. तिची रचना मात्र तीच ठेवली आहे, कारण माझं म्हणणं त्या रचनेबद्दल आहे.

शिरोळकडचा चाळिशीच्या आतला शेतकरी. कीटकनाशक प्यायला म्हणून दाखल झाला, चार दिवस अतिदक्षता विभागात होता, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. पाचव्या दिवशी संध्याकाळी बेड हवा होता म्हणून त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या जनरल वॉर्डात हलवलं. त्याच रात्री वॉर्डाच्या बाथरूममध्ये त्याने स्वतःला इजा करून घेतली. कशी, हे मी लिहिणार नाही, आणि अहवालातही ते अगदी मोजकं असावं असं माझं मत आहे. आमचा पहिला अहवाल दोन दिवसांत कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होता, हे एक कारण. दुसरं असं की असा तपशील वाचून कुणाचं काही भलं होत नाही, आधीच खचलेल्या वाचणाऱ्याचं मात्र नुकसान होऊ शकतं. माणूस वाचला, एवढं पुरे.

पहिला अहवाल एका पानाचा होता. 'कारण' या रकान्यात दोन ओळी: रात्रपाळीच्या सिस्टरचा निरीक्षणात हलगर्जीपणा, नातेवाईक पेशंटला एकटं सोडून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ गैरहजर. 'कारवाई' या रकान्यात तीन: सिस्टरला मेमो, सर्व स्टाफला ट्रेनिंग, वॉर्डात सूचनाफलक. खाली चार सह्या, त्यातली एक माझी. रात्री घटना घडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला चौकशी संपलीसुद्धा.

असा अहवाल दुष्टपणे लिहिलेला नसतो. चूक कुणाची ते सापडलं की प्रश्न सुटला, अशी आपल्या सगळ्यांची सवय असते, शाळेपासून लागलेली. मात्र त्या पानावरून मला एक गोष्ट कळत नव्हती. त्या सिस्टरला मेमो दिल्यावर पुढच्या महिन्यात त्याच वॉर्डात, त्याच वेळी, दुसऱ्या सिस्टरच्या हातून हेच घडायचं काय म्हणून थांबेल?

त्याच सुमारास निरीक्षणाचा तक्ता माझ्या हाती आला. असे पेशंट वॉर्डात आले की दर अर्ध्या तासाला जाऊन पाहायचं आणि पेशंट काय करतोय ते लिहून सही करायची, असा आमचा नियम. तक्ता सुरेख भरलेला होता. साडेदहा, झोपलेला. अकरा, झोपलेला. साडेबारा, झोपलेला. एक, झोपलेला. असं थेट सकाळी सहापर्यंत. एक वाजता तो माणूस ऑपरेशन थिएटरात होता.

इथे दोन वाटा फुटतात आणि 'दोष न देणारी चौकशी' म्हणजे काय याची परीक्षा इथेच होते. पहिली वाट सरळ आहे: खोटी नोंद, बडतर्फी, विषय संपला. खरं सांगायचं तर माझं पहिलं मतही तेच होतं. दुसरी वाट धरायची तर एक कंटाळवाणं काम करावं लागतं. त्याच वॉर्डातले मागच्या महिन्याचे तक्ते काढून बसावं लागतं. आम्ही चाळीस काढले. सहा वेगवेगळ्या सिस्टरच्या सह्या होत्या, आणि एकाही तक्त्यावर एकही रकाना रिकामा नव्हता. एकाच पेनाने, एकाच दाबाने, रात्री साडेदहापासून सकाळी सहापर्यंतच्या ओळी. जिथे माणसं काम करतात तिथे महिनाभरात एकदाही कुणाला उशीर झाला नाही, असं होत नसतं.

माणसाच्या चुकांचा अभ्यास करणाऱ्यांची एक साधी कसोटी आहे. चूक करणाऱ्याच्या जागी तेवढ्याच अनुभवाची दुसरी माणसं, त्याच परिस्थितीत, त्याच रात्री उभी करा. तीही तसंच वागली असती का? 'हो' असं उत्तर आलं, तर त्या एका माणसाला शिक्षा करून मिळतं ते फक्त समाधान. आमचं उत्तर त्या चाळीस कागदांवर लिहिलेलंच होतं.

तरी तक्ते का भरले जातात हे कागद सांगत नाहीत. ते माणसंच सांगतात, आणि तीही भीती गेल्यावर. पहिल्या चौकशीत ती सिस्टर एकच वाक्य धरून बसली होती: "मी बघितलं होतं सर." समोर मेट्रन, एचआरचे साहेब आणि तिघं डॉक्टर. पंचविशीतली मुलगी दुसरं काय बोलणार? दुसऱ्या वेळी आम्ही तिचे थेट वरिष्ठ बाहेर ठेवले. या चौकशीत सांगितलेल्या गोष्टींवरून मेमो निघणार नाही, असं वैद्यकीय संचालकांच्या सहीचं पत्र आधी तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "खरं सांगू का सर, शीट आम्ही दहालाच भरून ठेवतो. सगळेच. नंतर वेळच मिळत नाही, आणि रिकामं राहिलं की सकाळी राउंडला ओरडा बसतो."

शेवटचं अर्ध वाक्य महत्त्वाचं. रिकाम्या रकान्याला ओरडा होता, भरलेल्या रकान्याबद्दल कुणी काही विचारत नव्हतं. त्यामुळे तक्ता भरणं हेच काम होऊन बसलं आणि पेशंट पाहणं जमलं तर. हे आम्हीच शिकवलं होतं. मेमो दिला असता तर आणखी पक्कं शिकवलं असतं. पुढचे तक्ते वेगवेगळ्या पेनांनी भरले गेले असते, इतकंच.

वेळच मिळत नाही म्हणजे किती, तेही मोजलं. त्या रात्री वॉर्डात चौतीस पेशंट आणि दोन नर्स. नऊ जण अर्ध्या तासाच्या निरीक्षणावर, कारण आमच्या नियमात स्वतःला इजा केलेले आणि बरळणारे सगळे एकाच यादीत टाकले होते. नऊ जणांना तासातून दोनदा पाहायचं म्हणजे अठरा फेऱ्या. प्रत्येक फेरीला चालणं, पाहणं, लिहिणं धरून दीड मिनिट लावलं तरी एका नर्सचा तासाभरातला जवळजवळ निम्मा वेळ गेला. अकरा पन्नासला दुसरी नर्स पक्षाघाताच्या पेशंटबरोबर सीटी स्कॅनला गेली. बारा वाजले, सहा तासांच्या अंतराने द्यायची इंजेक्शनं सुरू झाली. त्या तासात तो तक्ता खरा भरणं कुणालाच शक्य नव्हतं.

आता ते बिल.

पहिल्या अहवालात पत्नी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ गैरहजर असल्याचं लिहिलं होतं. तोवर वॉर्डात कुजबुज सुरू झाली होती की बाई चहाला गेली होती, फोनवर बोलत होती. कारण तिने दाखल करताना सही केलेला एक फॉर्म आहे, तो बहुतेक रुग्णालयांत असतो: पेशंटजवळ सतत थांबण्याची जबाबदारी आमची राहील. नाव लिहायचं, नातं लिहायचं, सही किंवा अंगठा. पाच रात्री ती वऱ्हांड्यात चटईवर काढत होती. सकाळी दीर आला की एसटीने गावी जाऊन धारा काढायची आणि दुपारी परत यायची.

जिन्यातल्या कॅमेऱ्यात ती १२.०८ ला खाली उतरताना दिसते, १२.३३ ला वर येताना. म्हणजे पंचवीस मिनिटं. सिस्टरच्या नोंदीत आरडाओरड्याची वेळ १२.४६ होती, कॅमेऱ्यात १२.४०. वॉर्डातलं घड्याळ सहा मिनिटं पुढे होतं, ते कित्येक महिने तसंच होतं. आणि १२.२६ ला ती तळमजल्यावरच्या मेडिकलच्या खिडकीशी आमच्याच वॉर्डाने लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन उभी होती. "ताई, एवढं खालनं घेऊन या," असं सांगून तिला पाठवलं होतं. औषध तिच्याच नवऱ्यासाठी होतं. रांग होती, रात्री एकच खिडकी चालू असते.

वर आल्यावर तिला खाट रिकामी दिसली. बाथरूमला गेले असतील म्हणून ती थांबली, मग दार वाजवलं, मग ओरडली. दाराला आतून कडी. बाहेरून उघडायची काहीच सोय नाही. वॉर्डातल्या मामांनी खांदा लावून दार तोडलं, त्याला चार मिनिटं लागली.

म्हणजे एका हाताने आम्ही पत्नीला पहारेकरी नेमलं होतं आणि दुसऱ्या हाताने तिला जिन्याने खाली धाडलं होतं. जिवाला धोका असलेल्या माणसावर लक्ष ठेवण्याची आमची अख्खी व्यवस्था त्या एका न झोपलेल्या बाईवर उभी होती. दोष न देणारी चौकशी म्हणजे डॉक्टर-नर्सना सांभाळून घेणं, असा एक समज आहे. आपल्याकडे तिची पहिली गरज नातेवाइकांना आहे. सिस्टरवरचा ठपका पुसून तो पत्नीवर सरकवला तर अहवाल दोषमुक्त झाला नाही, दोष फक्त गणवेशाबाहेर गेला. माझ्या मते त्या फॉर्मला सुरक्षेचा उपाय म्हणायचं कुणी धाडस करू नये. तो सहीचा कागद आहे.

त्याहून मागे गेलं तर अतिदक्षता विभागातला केस पेपर येतो. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा असं लिहिलं होतं. ते आमच्याकडे आठवड्यातून तीनदा येतात. चौथ्या दिवशी आले तेव्हा पेशंट गुंगीत होता. कीटकनाशकावर दिलेल्या अॅट्रोपिनने माणूस बरळतो, हवेत काहीतरी पकडायला जातो. अशा अवस्थेत मनातलं विचारून काही हाती लागत नाही. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: पेशंट गुंगीत, पुन्हा पाहू. पाचव्या दिवशी तो शुद्धीवर आला आणि त्याच संध्याकाळी वॉर्डात गेला. बदलीच्या छापील नोंदीत रक्तदाब, ऑक्सिजन, लघवीचं माप, सगळ्याला रकाना आहे. 'पाहायचं राहिलेलं' यासाठी नाही. वॉर्डातल्या सिस्टरला जो पेशंट मिळाला तो कागदावर विषबाधेतून बरा होत असलेला माणूस होता. तो मरायचं ठरवून प्यायला होता आणि त्याला अजून कुणी विचारलंच नव्हतं, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, मग धोका ओळखायला हवा होता. या वाक्यापासून सावध राहायला हवं. घटना घडून गेल्यावर प्रत्येक खूण ठळक दिसते. संध्याकाळी तो जेवला नव्हता, भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्या वॉर्डात त्या संध्याकाळी दहा जण तसे पडले असतील. कमी-मध्यम-जास्त धोका असे गुण देऊन पुढे कोण असं करेल ते सांगता येत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत असे तक्ते भाकितासाठी वापरूच नका असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून मी अहवालातून 'धोका ओळखण्यात अपयश' हे शब्द खोडले. जे ओळखता येत नाही त्याबद्दल कुणाला नापास करू नये. मात्र स्वतःला इजा करून आलेल्या प्रत्येकाशी शुद्धीवर आल्यानंतर नीट बसून कुणीतरी बोललेलं असणं, यासाठी भाकीत लागत नाही.

'मूळ कारण' या शब्दाबद्दलही माझी तक्रार आहे. मूळ म्हटलं की एकच सापडतं, आणि ते नेमकं सर्वांत कमी पगाराच्या माणसाच्या पायाखाली सापडतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी कारण लिहिण्याचे काही नियम केले आहेत. त्यातले दोन आम्ही उचलले. एक, हलगर्जी, निष्काळजी, अपुरं अशी विशेषणं वापरायची नाहीत. दोन, माणसाची चूक लिहिली की तिच्या आधीचं कारण लिहिल्याशिवाय वाक्य संपवायचं नाही. त्यामुळे 'सिस्टरने निरीक्षणात हलगर्जीपणा केला' या ओळीच्या जागी हे आलं: "दोन नर्सकडे चौतीस पेशंट, त्यातले नऊ अर्ध्या तासाच्या निरीक्षणावर, एक नर्स बाहेर गेल्यावर हे निरीक्षण करणं शक्य नव्हतं, आणि रिकाम्या रकान्यालाच ओरडा असल्याने तक्ता आधी भरण्याची पद्धत वॉर्डात पडली होती. त्यामुळे पेशंट खाटेवर नाही हे पत्नी परत येईपर्यंत कुणाला कळलं नाही." वाक्य लांब झालं. पण त्यातल्या प्रत्येक तुकड्याला काहीतरी करता येतं. हलगर्जीपणाला काय करणार?

आमच्या वकिलांचा या सगळ्याला विरोध होता, आणि त्यांचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने अशा चौकशीच्या कागदांना न्यायालयात संरक्षण मिळतं. आपल्याकडे तसा कायदा नाही. उद्या न्यायालयाने अहवाल मागितला तर द्यावा लागेल. त्यातून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि उपचार करताना तसं घडलं तर दोन वर्षांची मर्यादा आहे ती फक्त नोंदणीकृत डॉक्टरांना. नर्सला ती सवलत नाही. त्या रात्री तो माणूस गेला असता तर सर्वांत खालच्या पायरीवरच्या मुलीवर सर्वांत जड कलम आलं असतं. ही भीती खरी आहे, पत्र देऊन ती पूर्ण जात नाही.

पण न लिहिण्याने संरक्षण मिळतं हे मला पटत नाही. केस पेपर, कॅमेरा, बिल, तक्ता हे सगळं असतंच, पोलिसांना ते सहज मिळतं. अहवाल नसेल तर त्या ढिगातला सकाळी सहापर्यंत भरलेला तक्ताच तेवढा बोलेल. आम्ही तडजोड केली ती अशी: घडलेल्या गोष्टी केस पेपरमध्ये जशाच्या तशा, खाडाखोड न करता, विश्लेषण वेगळ्या कागदावर, नावांऐवजी हुद्दे, आणि 'चूक कुणाची' यावर एक शब्दही नाही. त्याच बैठकीत कुणीतरी पेशंटवरच केस होईल म्हणालं. अजून कितीतरी वॉर्डांत ही समजूत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतं आणि त्याला शिक्षेपासून वाचवतं. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. ठपका न ठेवण्याची गोष्ट कायद्याने पेशंटसाठी आधीच मान्य केली आहे, आपणच मागे आहोत.

याचा अर्थ कुणालाच कधी जबाब द्यायचा नाही असा नाही. दारू पिऊन ड्युटीवर आलेला, पेशंटला मारणारा, घटनेनंतर कागद बदलणारा यांची चौकशी वेगळी, तिथे पत्र नाही. त्या सिस्टरने घटनेनंतर एकही रकाना बदलला नव्हता. बदलला असता तर एक वाजताचं 'झोपलेला' आम्हाला दिसलंच नसतं.

कारवाईचा रकाना नव्याने लिहिताना एकच निकष ठेवला: माणसाच्या आठवणीवर आणि सावधपणावर अवलंबून असलेला उपाय कमजोर, वस्तू किंवा रचना बदलणारा उपाय दमदार. पहिल्या अहवालातले तिन्ही उपाय कमजोर होते. नव्यात बाथरूमची दारं बाहेर उघडणारी केली आणि कड्या बाहेरूनही नाण्याने फिरवता येतील अशा बसवल्या. रात्री दहानंतर कोणत्याही नातेवाइकाला चिठ्ठी द्यायची नाही, वॉर्डात राखीव साठा ठेवायचा, सकाळी बिल करायचं. हिशेब खात्याने सर्वांत जास्त कुरकुर यावर केली. बदलीच्या नोंदीत 'मानसोपचार तपासणी झाली का' हा रकाना आला आणि तो 'नाही' असेल तर पेशंटबरोबर पगारी माणूस, खाटेपासून हाताच्या अंतरावर. नऊ जणांची यादी फोडली. बरळणाऱ्यांची वेगळी केली आणि हाताच्या अंतरावरचे साधारण दोन-तीनच उरले. घरी सोडताना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कार्डावर लिहून द्यायचा, आणि तो समोरच एकदा लावून दाखवायचा.

यानेही जनरल वॉर्ड पूर्ण सुरक्षित होत नाही. तिथे खिडक्या आहेत, जिने आहेत, तीसेक माणसांची ये-जा आहे. पगारी माणूस सुट्टीवर गेला की काय, याला आमच्याकडे अजून नीट उत्तर नाही.

पत्नीशी मी बाहेरच्या बाकावर बसून बोललो. ती म्हणाली, "मी खाली गेले म्हणून झालं बघा हे." मी तिला बिल दाखवलं, वेळ वाचून दाखवली आणि म्हटलं, "ताई, तुम्ही गेला नव्हता. आम्ही पाठवलं होतं." तिने बिल उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "मग हे पैसे परत मिळतील का?" मिळाले.

सात महिन्यांनी त्याच वॉर्डातले तक्ते पुन्हा काढले. फार ओंगळ दिसत होते. कुठे १.१०, कुठे १.५०, दोन जागी कोरं आणि शेजारी 'सीटीला गेले होते'. मला ते बघून बरं वाटलं. पुढच्याच आठवड्यात बाहेरून तपासणीला आलेल्या मंडळींनी त्याच कोऱ्या रकान्यांना लाल पेनाने गोल केले आणि शेरा मारला: नोंदी अपूर्ण. मेट्रनबाईंनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आता मुलींना काय सांगू सर?"